सबनेट ‘खासगी’ कशानं होतं?

क्लाउडवर पहिल्यांदा मशीन चालू करणाऱ्याला नेटवर्क दिसतच नाही. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसवर खातं उघडायचं, मुंबई विभाग निवडायचा, दोनचार बटणं दाबायची, की मशीन चालू होतं आणि त्याला इंटरनेटवरचा पत्ताही मिळतो. हे इतकं सहज होतं, कारण ‘डीफॉल्ट व्हीपीसी’ नावाचं एक तयार नेटवर्क खात्यात आधीच मांडून ठेवलेलं असतं. शिकायला ते ठीक आहे. मात्र त्यातलं प्रत्येक सबनेट इंटरनेटच्या वाटेवर असतं, आणि गिऱ्हाइकांची नावं-पत्ते असलेला डेटाबेस अशा जागी ठेवणं शहाणपणाचं नाही. मग स्वतःचं व्हीपीसी बांधायची वेळ येते आणि सबनेट, राउट टेबल, गेटवे हे शब्द एकदम अंगावर येतात.

व्हीपीसी म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट क्लाउड. ॲमेझॉनच्या अवाढव्य यंत्रणेत फक्त आपल्या मशीनांसाठी आखून घेतलेलं हे नेटवर्क. अझुर आणि गूगल यांच्याकडेही असंच असतं, पण तपशिलात फरक पडतो. म्हणून इथलं सगळं एडब्ल्यूएसपुरतं समजावं.

समजा, पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनाला पुस्तकं विकायची वेबसाइट मुंबई विभागात उभी करायची आहे. मशीनं दोनच: एकावर वेबसाइट, दुसऱ्यावर ऑर्डरींचा डेटाबेस. वेबसाइट जगाला दिसली पाहिजे. डेटाबेसपर्यंत मात्र वेबसाइटखेरीज कुणी पोचता कामा नये.

पहिलं काम पत्त्यांचा पट्टा ठरवण्याचं. आपण 10.20.0.0/16 घेऊ. नेटवर्कमधला पत्ता चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. शेवटी लावलेल्या /16 चा अर्थ एवढाच, की पहिले दोन आकडे, म्हणजे 10.20, पक्के आणि उरलेले दोन आपल्या मर्जीचे. असे ६५,५३६ पत्ते होतात. हा पट्टा जरा विचार करून घ्यावा, कारण व्हीपीसीचा मूळ पट्टा नंतर बदलता येत नाही. उद्या ऑफिसचं नेटवर्क किंवा दुसरं व्हीपीसी याला जोडायचं ठरलं आणि दोन्हीकडे तेच पत्ते निघाले, तर जोडणी अडते. घरच्या राउटरवर हमखास असणारा 192.168.1.0 चा पट्टा त्यासाठीच टाळलेला बरा.

या पट्ट्याचे तुकडे म्हणजे सबनेट. वेबसाइटला 10.20.1.0/24 देऊ आणि डेटाबेसला 10.20.11.0/24. इथे पहिले तीन आकडे पक्के, म्हणून प्रत्येक तुकड्यात २५६ पत्ते. त्यातले पाच एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं, आपल्या हाती २५१ उरतात. प्रत्येक सबनेट एकाच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये असतं. मुंबई विभागात असे तीन झोन आहेत आणि त्यांची डेटा सेंटरं वेगवेगळी आहेत. एक झोन बंद पडला तरी दुकान चालू राहावं असं वाटत असेल, तर हीच जोडी दुसऱ्या झोनमध्येही मांडावी लागते. आपण आज एकावरच भागवू.

आता गंमत अशी, की सबनेट तयार करताना ‘हे सार्वजनिक’ किंवा ‘हे खासगी’ अशी खूण करायची सोय कुठेच नसते. सबनेटाला `db-private` असं नाव दिलं तरी ती फक्त पाटी. खरा निकाल राउट टेबलात लागतो. वेबसाइटच्या सबनेटाला जोडलेलं टेबल असं दिसतं:

```
Destination      Target
10.20.0.0/16     local
0.0.0.0/0        igw-0a12b34c
```

डावीकडे पॅकेटला कुठे जायचं आहे ते, उजवीकडे त्याला कुणाच्या हवाली करायचं ते. पहिली ओळ व्हीपीसीसोबतच येते आणि ती पुसता येत नाही: आपल्या पट्ट्यातला पत्ता असेल तर आतल्या आत पोचव. दुसरी ओळ आपण लिहायची. 0.0.0.0/0 मध्ये कुठलाच आकडा पक्का नाही, म्हणजे जगातला कुठलाही पत्ता त्यात बसतो. तो `igw` कडे, म्हणजे इंटरनेट गेटवेकडे जातो.

वेबसाइटचं मशीन 10.20.11.25 या डेटाबेसला काही विचारतं, तेव्हा तो पत्ता दोन्ही ओळींत बसतो. अशा वेळी जिचे जास्त आकडे पक्के, ती ओळ जिंकते. /16 ही /0 पेक्षा नेमकी, म्हणून पॅकेट आतच राहतं. ओळी वर-खाली लिहिल्या तरी निकाल बदलत नाही.

डेटाबेसच्या सबनेटाला वेगळं टेबल जोडायचं आणि त्यात फक्त `local` ची ओळ ठेवायची. झालं ते सबनेट खासगी! त्याला बाहेर जायची वाटच नाही. पुष्कळ ठिकाणी व्हीपीसी समजावताना हाउसिंग सोसायटीचं उदाहरण देतात: आत इमारती, बाहेर एकच फाटक, फाटकावर वॉचमन. ते मला पटत नाही. सोसायटीतला प्रत्येक माणूस त्याच फाटकातून ये-जा करतो. इथे गेटवे व्हीपीसीला जोडलेला असूनही एका सबनेटासाठी तो आहे आणि शेजारच्या सबनेटासाठी नाही, आणि हा फरक टेबलातली एक ओळ करते.

वॉचमनचं कामही गेटवे करत नाही. कुणाला आत घ्यायचं, हे मशीनला लावलेला सिक्युरिटी ग्रुप ठरवतो. `local` च्या ओळीमुळे व्हीपीसीतल्या कुठल्याही मशीनला डेटाबेसपर्यंत वाट असतेच. म्हणून डेटाबेसच्या ग्रुपमध्ये ‘फक्त वेबसाइटच्या ग्रुपमधून, फक्त पोर्ट 5432 वर’ असा नियम लिहावा लागतो. (5432 हे पोस्टग्रेसचं नेहमीचं पोर्ट.)

इंटरनेट गेटवेला मात्र एक जास्तीचं काम असतं. वेबसाइटच्या मशीनवर `ip addr` चालवलं तर फक्त 10.20.1.15 दिसतो. जगाला दिसणारा सार्वजनिक पत्ता मशीनला ठाऊकच नसतो. नागपूरच्या वाचकाचं पॅकेट सार्वजनिक पत्त्यावर येतं, गेटवे तो पत्ता बदलून 10.20.1.15 करतो आणि उत्तर परत जाताना उलटी अदलाबदल करतो. त्यामुळे नुसती `igw` ची ओळ पुरत नाही, मशीनला सार्वजनिक पत्ताही लागतो. एक आहे आणि दुसरं नाही, या अवस्थेत नवशिक्यांची बरीच संध्याकाळ जाते.

अडचण कुठे आहे ते निरोपाच्या शब्दांवरून बरंचसं कळतं. `Connection refused` आलं, तर बहुधा पॅकेट मशीनपर्यंत पोचलं आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारं काही चालू नाही. `Connection timed out` आलं, तर पॅकेट वाटेत कुठेतरी गडप झालं. अशा वेळी राउट टेबल, सार्वजनिक पत्ता आणि सिक्युरिटी ग्रुप तपासायचे. मशीनवरचा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालू करून काही होत नाही.

इथवर सगळं सुरळीत चालतं. मग डेटाबेसच्या मशीनवर सुरक्षेची अपडेट घ्यायची वेळ येते. तिथे `sudo apt update` दिलं की `0% [Connecting to` एवढ्यावर सगळं थबकतं. गोंधळ वाढवणारी गोष्ट म्हणजे सर्व्हरच्या नावाचा पत्ता मशीनला सापडतो. नावावरून पत्ता सांगणारी सेवा व्हीपीसीच्या आतच, 10.20.0.2 वर असते, त्यामुळे तिला बाहेरची वाट लागत नाही. नाव सापडतं म्हणजे इंटरनेट चालू आहे, असा अंदाज बांधून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

या मशीनला बाहेर जाता यावं, पण बाहेरून कुणाला त्याच्याकडे येता येऊ नये, यासाठी नॅट गेटवे असतो. तो आतल्या मशीनची विनंती स्वतःच्या पत्त्यावरून बाहेर पाठवतो, कुणाची विनंती होती ते लक्षात ठेवतो आणि उत्तर त्या मशीनला नेऊन देतो. कुणी न विचारता बाहेरून आलेलं पॅकेट तो टाकून देतो. डेटाबेसच्या सबनेटाच्या टेबलात मग ही ओळ येते:

```
0.0.0.0/0        nat-0f98e76d
```

इथे एक चूक फार जणांकडून होते. नॅट गेटवे डेटाबेससाठी आहे, तर तो डेटाबेसच्याच सबनेटात बसवू, असं वाटतं. तसं केलं की कन्सोलवर त्याची स्थिती `Available` दिसते, टेबलातली ओळही बरोबर असते आणि `apt` मात्र तसंच अडकलेलं राहतं. कारण असं: नॅट गेटवेलाही बाहेर जायला वाट लागते आणि ती तो ज्या सबनेटात बसला आहे, त्याच्या टेबलातून घेतो. त्या टेबलात लिहिलंय की बाहेरचं सगळं नॅट गेटवेकडे द्या. म्हणजे त्याची वाट त्याच्याकडेच येते. तो बसवायचा वेबसाइटच्या सबनेटात, जिथल्या टेबलात `igw` ची ओळ आहे. डेटाबेसच्या टेबलातली ओळ नवीन गेटवेकडे वळवली की काही क्षणांत `apt` पुढे सरकतं.

उलट दिशेची चूक जास्त घातक, कारण तिच्यात काही अडत नाही. प्रत्येक व्हीपीसीला एक ‘मेन’ राउट टेबल असतं. ज्या सबनेटाला आपण मुद्दाम कुठलंच टेबल जोडलं नाही, त्याला ते आपोआप लागू होतं. कुणी घाईत `igw` ची ओळ मेन टेबलात लिहिली, तर पुढे बनणारं प्रत्येक सबनेट, नाव काहीही असो, जन्मतःच सार्वजनिक. मेन टेबलात `local` खेरीज काही ठेवू नये, आणि बाहेरच्या वाटा वेगळ्या टेबलांत लिहून एकेका सबनेटाला हातानं जोडाव्यात.

खर्चाचं आधीच सांगितलेलं बरं. व्हीपीसी, सबनेट, राउट टेबल आणि इंटरनेट गेटवे यांचं वेगळं भाडं नाही. नॅट गेटवेचं आहे: तो वापरा न वापरा, तासागणिक, आणि त्यातून गेलेल्या दर जीबीमागे वेगळं. सार्वजनिक पत्त्यालाही १ फेब्रुवारी २०२४ पासून ताशी अर्धा सेंट पडतो. हे सगळं सरावासाठी बांधलं असेल, तर काम झाल्यावर नॅट गेटवे काढून टाका आणि त्याला दिलेला इलॅस्टिक आयपी आठवणीनं `Release` करा. गेटवे गेला तरी तो पत्ता तुमच्या नावावर राहतो आणि त्याचं बिल चालूच राहतं.