जुना सोफा, गादी, लाकडी पलंग घेताय? आधी ढेकूण शोधा

ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं वाटणाऱ्यांसाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले अडखळे तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आपल्याकडे संभाजीनगरात जून-जुलै म्हणजे सामान हलवायचा सीझन. वाळूज किंवा शेंद्र्याला नवीन नोकरी लागलेले, विद्यापीठात प्रवेश घेतलेले, क्लासला आलेले असे सगळे एकदमच खोल्या शोधतात. जाणारी पोरं सोफा, पलंग, गादी असं सगळं पॅकेजमध्ये काढून टाकतात. भाव चांगला असतो, वस्तू दिसायला ठीक असते, टेम्पोवाला खालीच उभा असतो. आणि पंधरा दिवसांनी हातावर एका ओळीत लाल गांधी उठायला लागतात.

आजचा विषय मुख्यतः ढेकणांचा आहे. लाकडाच्या किडीवर शेवटाकडे थोडं बोलू. पण खरं डोकं खातो तो ढेकूण, कारण कीड लागलेला पलंग फेकून देता येतो. ढेकूण मात्र पलंग फेकल्यावरही घरात राहतात.

विकणाऱ्याचा शब्द का चालत नाही?

तो खोटंच बोलतो असं नाही. ढेकूण चावल्यावर प्रत्येकाच्या अंगावर गांधी उठत नाहीत. काही लोकांना काहीच दिसत नाही, त्यामुळे महिनोन्महिने त्यांना पत्ता नसतो. म्हणून ‘ढेकूण आहेत का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याऐवजी विचारा, ‘या सोफ्यावर रात्री कोणी झोपायचं का?’ बॅचलर फ्लॅटमध्ये हॉलमधला सोफा म्हणजे एकाचा बेडच असतो. ढेकूण झोपणाऱ्या माणसाच्या जवळ राहतो, टीव्ही बघणाऱ्याच्या नाही. रोज रात्री कोणी झोपत असेल तर त्या सोफ्याला पलंग समजूनच तपासायचं.

दुसरं वाक्य हमखास ऐकायला मिळतं, ‘खोली दोन महिने बंदच आहे, आता काय असणार!’ मोठा ढेकूण रक्ताशिवाय दोन-तीन महिने सहज काढतो, थंड हवेत त्याहूनही जास्त. बंद खोलीत तो फक्त चपटा होऊन बसतो. आणि सुरुवात व्हायला अंडी घालायच्या तयारीतली एकच मादी पुरते. ती रोज दोन-चार अंडी घालते, ती साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात आणि आपल्याकडच्या उकाड्यात पिल्लू महिना-सव्वा महिन्यात मोठं होतं.

काय शोधायचं?

जिवंत ढेकूण दिसण्याची वाट बघू नका. दिवसा तो फटीत असतो. दिसलाच तर अख्ख्या मसुराएवढा, तपकिरी आणि चपटा. पण त्याच्या खुणा जास्त सापडतात. पहिली खूण म्हणजे काळे ठिपके, बारीक बॉलपेनचं टोक टेकवल्यासारखे, एका जागी झुबक्याने. ही त्याची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. दुसरी खूण कातीची. पिल्लू मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं, त्यामुळे फिकट पिवळी, पोकळ टरफलं पडलेली असतात. तिसरी खूण अंड्यांची. ती खसखशीच्या लांबट दाण्यासारखी, पांढरी आणि जागेला चिकटलेली असतात.

काळा डाग कशाचा ते कळत नसेल तर ओला कापूस घेऊन पुसा. ढेकणाचा डाग तांबूस-तपकिरी होऊन फासला जातो. झुरळाची घाण बहुतेक वेळा उंचवट्यासारखी असते, नखाने टरकन निघते. शाईचा डाग शाईसारखाच पसरतो. ही चाचणी दहा सेकंदांची आहे आणि फुकट आहे.

जाताना चांगली टॉर्च, जुनं एटीएम कार्ड, ओला कापूस, पांढरा कागद आणि स्क्रू-ड्रायव्हर एवढं न्या. मोबाईलची टॉर्च चालते, पण उजेड समोरून न मारता तिरका मारा, म्हणजे टरफलांची सावली पडते. कार्डाचं काम असं, की जिथे कार्डाची कड शिरते तिथे ढेकूणही शिरतो. त्या फटीत कार्ड घालून ओढा आणि खाली कागद धरा.

तपासायचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे. तुम्हाला फक्त पलंग घ्यायचा असला तरी आधी गादी बघा. गादीवर खुणा सगळ्यात सहज दिसतात. चादर काढायला सांगा, उशाकडच्या बाजूने सुरू करा आणि कडेच्या गोटाची शिवण अंगठ्याने उलटी करत पूर्ण फेरी मारा. कापसाची गादी असेल तर तिच्या टाक्यांपाशी जे खड्डे पडतात, त्यातला प्रत्येक खड्डा उघडून बघा. फोमच्या गादीला चेन असेल तर ती उघडून आतली घडी बघा. मग गादी उलटी करून तेच परत.

मग पलंग. गादीखालची प्लायवुडची फळी काढायलाच लावा. ढेकणाला गुळगुळीत सनमायका आवडत नाही, फळीची खालची खरबडीत बाजू आवडते. उशाकडची पाटी भिंतीपासून ओढून तिची मागची बाजू बघा. तिथे पॉलिश नसतं आणि कोणी पुसतही नाही. त्यानंतर चूळ जिथे खाचेत बसते ते सांधे, स्क्रूची भोकं, बोल्टचे खड्डे. लोखंडी पलंगात काही नसतं हा समज सोडा. पोकळ पाइपच्या टोकाची प्लास्टिकची टोपी काढून आत टॉर्च मारा.

शेवटी सोफा, कारण तो सगळ्यात अवघड. उशा काढा, बैठक आणि पाठ यांच्यामधल्या फटीत कार्ड फिरवा, मग सोफा पाठीवर आडवा करा. खाली स्टेपल मारलेलं पातळ काळं कापड असतं. काळ्यावर काळे ठिपके दिसत नाहीत, म्हणून विकणाऱ्याला विचारून एका कोपऱ्याच्या पिना काढा आणि आतल्या लाकडी चौकटीवर उजेड मारा. नाही म्हणाला तर तो सोफा घेऊ नका. जे उघडून बघता येत नाही, त्याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

एक उदाहरण

गेल्या वर्षी माझ्या ऑफिसातल्या मित्राला गारखेड्यातल्या एका फ्लॅटमधून सिंगल पलंग घ्यायचा होता, किंमत अडीच हजार. मी सोबत गेलो. पलंग सुटा करून बघितला, सांधे स्वच्छ, फळी स्वच्छ. मित्र पैसे काढायला लागला. पण शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या गादीच्या उशाकडच्या शिवणीत ठिपक्यांचा झुबका होता, कापसाने पुसल्यावर तांबूस फासला. दोन टरफलंही निघाली.

आता प्रश्न असा, की पलंगात तर काही सापडलं नाही, मग तो घ्यायचा का? नाही. ढेकूण खोल्यांमध्ये चालत जातात, कपड्यांतून आणि बॅगांतून फिरतात. सुरुवातीच्या दिवसांत एखाद्या पलंगात दोन-चार अंडीच असतात आणि ती कोणालाही दिसत नाहीत. म्हणजे आपण तपासतोय ते घर, वस्तू नाही. एका अंथरुणात खूण सापडली की त्या घरातली झोपायची प्रत्येक वस्तू बाद. मित्राने पलंग सोडला आणि आम्ही त्या मुलांना गादी दाखवली. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सिडकोतल्या एका कुटुंबाकडचा पलंग मिळाला. तिथे तीनही गाद्या बघू दिल्या, काही नव्हतं. तरी पलंग सुटा करूनच आणला, बाल्कनीत परत एकदा सांधे बघितले आणि मगच आत घेतला. गादी मात्र नवीन. माझं मत विचाराल तर वापरलेली गादी स्वस्तातही घेऊ नये. चौकट तपासता येते, गादीचं पोट तपासता येत नाही.

‘उन्हात टाकतो की!’

हे प्रत्येक जण म्हणतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो हे खरं. पण ढेकूण आणि अंडी खात्रीने मरायला ती फट, तो सांधा आतून साधारण 50 अंशांच्या वर जाऊन काही वेळ तसाच राहावा लागतो. गच्चीवरच्या गादीची वरची बाजू तापते, खालची सावलीत राहते आणि ढेकूण चालत तिकडे जातो. जाड लाकडाच्या सांध्याचंही तेच. उशीचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं कडक गरम पाण्यात धुतली तर उपयोग होतो, पण अख्खी वस्तू उन्हाने शुद्ध होत नाही. बाजारातल्या स्प्रेला बऱ्याच ठिकाणचे ढेकूण आता दाद देत नाहीत. अंगावर थेट पडला तोच मरतो, बाकीचे पांगतात.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. गावाकडे धान्यात ठेवायच्या ज्या विषारी गोळ्या असतात, सल्फासच्या म्हणतात त्या, त्या पलंगाखाली ठेवून खोली बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्या गोळ्यांतून दमट हवेत फॉस्फिन वायू निघतो. तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि त्याच्यावर उतारा नाही. झोपलेली माणसं यात दगावतात.

लाकडाचं काय?

पलंगाच्या पायाशी मैद्यासारखी पूड आणि लाकडाला एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर तो लाकूड पोखरणारा भुंगा. भोक म्हणजे किडा बाहेर पडून गेलाय, पण आत अजून अळ्या आहेत का हे पूड सांगते. पूड झटका, खाली काळा कागद ठेवा आणि लाकडावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. ताजी, फिकट पूड पडली तर काम चालू आहे. भोकं आतून काळवंडलेली आणि कोरडी असतील तर बहुधा जुनी गोष्ट. ‘सागवान आहे, कीड लागत नाही’ हे अर्धंच खरं. सागाचा आतला गाभा टिकतो, पण बाहेरचा पांढरट भाग भुंगा खातो आणि स्वस्त पलंगात तोच भाग जास्त असतो. ठोकल्यावर पोकळ आवाज आला, मातीची नळी दिसली तर वाळवी.

हे सगळं तपासायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. टेम्पो ठरवायच्या आधी जा, कारण खाली गाडी उभी असली की माणूस नाही म्हणत नाही. आणि टेम्पो ठरवाल तेव्हा तो एकट्या तुमच्याच सामानाचा असू द्या, दुसऱ्याच्या गाद्यांसोबत नको.