गोळी डोकेदुखीची, धाप छातीला

चाळिशीच्या आसपासची एखादी शिक्षिका डोळ्यांसमोर आणा. गेली तीन-चार वर्षं तिचं नाक कायम चोंदलेलं असतं. फोडणी करपली तरी तिला वास येत नाही, घरचे ओरडतात तेव्हा कळतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात मांसल गाठी, म्हणजे पॉलिप, वाढल्याचं सांगितलंय. वर्षभरापूर्वी दमाही सुरू झालाय, पण पंपावर तो आटोक्यात आहे. एके दिवशी दाढ ठणकते. मेडिकलवाला आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी देतो. पाऊण तासात नाकातून धार लागते, डोळे लाल होतात, चेहरा तापतो आणि छातीत शिट्टी वाजू लागते. दवाखान्यात वाफ देऊन तिला बरं वाटतं. केसपेपरवर नोंद होते, ‘दम्याचा झटका’.

पुढे कधीतरी पाठीत उसण भरते आणि तिला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं जातं. पुन्हा तोच प्रकार, या वेळी जास्त जोरात. मधल्या काळात या दोन घटनांची सांगड कोणी घातलेली नसते, कारण औषधांची नावं वेगळी होती. या आजाराच्या रुग्णांची कहाणी बहुधा अशीच असते. आधी नाक, मग दमा आणि शेवटी गोळीची रिॲक्शन.

या तिन्ही गोष्टी एकाच माणसात एकत्र दिसतात, हे पॅरिसमध्ये फर्नांद विदाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1922 साली नोंदवलं होतं. पुढे ते विस्मरणात गेलं. 1968 साली अमेरिकेत मॅक्स सॅम्टर आणि बीअर्स यांनी त्यावर सविस्तर लिहिलं आणि ‘सॅम्टरचं त्रिकूट’ हे नाव रूढ झालं. कोडं मात्र कायम होतं. अ‍ॅलर्जी म्हटली, की शरीर एका विशिष्ट रेणूला ओळखून त्याच्यावर तुटून पडतं. इथे ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांची रासायनिक घडण निरनिराळी, तरी त्रास तोच. शिवाय जे औषध आयुष्यात पहिल्यांदाच घेतलं, त्याच्या पहिल्याच गोळीलाही त्रास होतो.

उत्तराची किल्ली 1971 साली लंडनमध्ये सापडली. ॲस्पिरिन दुखणं कमी करतं, ते शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची निर्मिती रोखून, असं जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं. ही रसायनं बनवणाऱ्या एन्झाइमचं नाव ‘कॉक्स’. त्यानंतर पोलंडमधल्या क्राकोव्ह शहरात आंद्रेय श्चेक्लिक यांनी ॲस्पिरिनचा त्रास असलेल्या दमेकऱ्यांवर वेगवेगळी वेदनाशामकं तपासली. 1975 साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष सरळ होता. जी औषधं कॉक्सला अडवतात, ती सगळी या रुग्णांची धाप वाढवतात. जी अडवत नाहीत, ती वाढवत नाहीत. रेणूचा आकार गौण, त्याचं काम महत्त्वाचं.

पण कॉक्स अडवलं तर श्वासनळी का आवळावी? आपल्या श्वासमार्गात ल्युकोट्राइन नावाची रसायनंही तयार होतात. ती श्वासनळ्या आवळतात, सूज आणतात, शेंबूड वाढवतात. या रुग्णांत ती मुळातच जास्त बनतात. त्यांना लगाम घालण्याचं काम करतं एक प्रोस्टाग्लँडिन, ‘ई-टू’. कॉक्सचा ‘कॉक्स-1’ हा प्रकार बंद पडला, की हे ई-टू घटतं, लगाम सुटतो आणि ल्युकोट्राइनचा पूर येतो. बाकीच्यांकडे ई-टूचा साठा पुरेसा असतो आणि ल्युकोट्राइन बेताचीच, म्हणून त्यांना तीच गोळी काही करत नाही. रिॲक्शन बहुधा अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत येते. या आजारात अनेकांना घोटभर दारूनेही नाक चोंदतं किंवा छाती भरते. डॉक्टरांना न विचारता सांगावी अशी ही खूण आहे.

दमा असलेल्या प्रत्येकाने या गोळ्यांना घाबरायचं कारण नाही. प्रौढ दमेकऱ्यांत हा प्रकार शंभरात साधारण सात जणांना असतो. दमा तीव्र असेल तर पंधराच्या आसपास. आयबुप्रोफेन घेऊन ज्याला आजवर काही झालेलं नाही, त्याने उगाच धास्ती घेऊ नये. मात्र तो प्रौढपणी सुरू होणारा आजार असल्याने कालपर्यंत चाललेली गोळी उद्या नडू शकते. नाकात पॉलिप आणि वास गेलेला, असं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊच नयेत. रक्ताची किंवा त्वचेची चाचणी यात उपयोगी पडत नाही. शंका राहिलीच तर रुग्णालयात, श्वासाची मोजणी करत, थोड्या थोड्या मात्रेने औषध देऊन खात्री करतात. हा प्रयोग घरी करायचा नाही.

मग दुखलं तर घ्यायचं काय? पहिली निवड पॅरासिटामॉल. ते कॉक्स-1ला अगदी क्षीणपणे अडवतं, म्हणून 500 मिलिग्रॅमची गोळी बहुतेकांना चालते. एका वेळी 1000 मिलिग्रॅम घेतल्यास काहींना सौम्य त्रास होतो, तेव्हा मात्रा लहान ठेवावी आणि दोन गोळ्यांत चार ते सहा तासांचं अंतर असावं. संधिवातासारखं दुखणं त्याने भागत नसेल, तर सेलेकॉक्सिब किंवा एटोरिकॉक्सिब ही औषधं आहेत. ती मुख्यतः कॉक्स-2ला अडवतात, त्यामुळे ई-टूचा लगाम बऱ्यापैकी शाबूत राहतो. तरी पहिली गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावी आणि हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी सांगावं. शस्त्रक्रियेनंतरच्या मोठ्या वेदनेसाठी ट्रामाडॉल वेगळ्या वाटेने काम करतं. गरगरणं आणि मळमळ हे त्याचे तोटे, आणि ते चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

खरी फसगत नावांत होते. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असतं, झेरोडॉल-पीमध्ये ॲसिक्लोफेनॅक, पाळीच्या दुखण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या मेफ्टालमध्ये मेफेनॅमिक ॲसिड, डिस्प्रिनमध्ये तर थेट ॲस्पिरिन. पाकिटाच्या पुढच्या बाजूचं मोठं नाव वाचून भागत नाही, मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिले जाणारे काही थेंबही केटोरोलॅकसारख्या याच गटातल्या औषधांचे असतात. मलमांमधून औषध शरीरात कमी जातं, पण ज्याला एकदा जोरात त्रास झालाय त्याने तीही विचारूनच वापरावीत.

हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असलेल्यांनी मात्र हे वाचून गोळी परस्पर बंद करू नये. ॲस्पिरिन टाळता येत नसेल तर रुग्णालयात अत्यल्प मात्रेपासून टप्प्याटप्प्याने वाढवत शरीराला त्याची सवय लावतात. विदाल यांनी 1922 साली हेही करून पाहिलं होतं. काही रुग्णांत पॉलिप काढल्यावर मुद्दाम हा उपचार करतात, कारण रोजच्या ॲस्पिरिनने ते पुन्हा उगवायला वेळ लागतो. पण काही दिवस खंड पडला की सवय मोडते आणि सगळं रुग्णालयातून पुन्हा सुरू करावं लागतं.

गोळ्या टाळल्या म्हणून दमा किंवा पॉलिप बरे होत नाहीत. ते उपचार वेगळे चालूच ठेवावे लागतात. गोळीनंतर छाती भरू लागली तर लगेच सॅल्ब्युटामॉलचा पंप घ्यावा आणि ‘बघू जरा वेळ’ न म्हणता रुग्णालय गाठावं. महाराष्ट्रात 108 वर रुग्णवाहिका मिळते. त्रास दिलेल्या औषधाचं मूळ नाव एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा, आणि दाताचे, डोळ्याचे, हाडांचे कोणतेही डॉक्टर असोत, चिठ्ठी लिहिण्याआधी तो कागद त्यांच्यासमोर ठेवा.