ताळेबंदातलं न दिसणाऱ्या सावकाराचं देणं

कारखान्याचा ताळेबंद हातात आला की मालक आधी बँकेचं कर्ज बघतो, मग पुरवठादारांची देणी. त्यानंतर नजर एका ओळीवर अडते : ‘डिफर्ड टॅक्स लायबिलिटी’, आणि पुढे लाख-दोन लाखांचा आकडा. हे पैसे कुणी मागितलेले नसतात, कुठलं चलन आलेलं नसतं आणि आयकर खात्याच्या पोर्टलवर तर बाकी शून्य दिसते. मग हे देणं कुणाचं?

देणं सरकारचंच आहे, फक्त आजचं नाही. ते का उभं राहतं आणि त्याचा आकडा कसा काढतात, हे एका यंत्रावरून नीट समजतं. भोसरीच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकचे सुटे भाग बनवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे असं धरू. तिने एप्रिल २०२४ च्या सुरुवातीला ६० लाखांचं मोल्डिंग मशीन घेऊन लगेच चालू केलं. जीएसटीचं क्रेडिट घेतल्यामुळे तो खर्च यंत्राच्या किमतीत धरलेला नाही.

या एकाच यंत्राचा घसारा दोन कायदे दोन पद्धतींनी मोजतात. कंपनी कायदा २०१३ च्या शेड्यूल टू मध्ये साधारण यंत्रसामग्रीचं आयुष्य १५ वर्षं दिलं आहे आणि शेवटी उरणारी किंमत मूळ किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत धरता येते. आपली कंपनी सरळ रेषा पद्धत वापरते. ६० लाखांतून ३ लाख वजा केले की ५७ लाख उरतात, त्याला १५ ने भागलं की दर वर्षी ३ लाख ८० हजार. हा आकडा पंधरा वर्षं बदलत नाही.

आयकरात यंत्राचं आयुष्य विचारतच नाहीत. तिथे सगळी साधारण यंत्रं एका ‘ब्लॉक’मध्ये जातात आणि ब्लॉकच्या घटत्या शिलकेवर १५ टक्के घसारा मिळतो. पहिल्या वर्षी ६० लाखांवर ९ लाख, दुसऱ्या वर्षी उरलेल्या ५१ लाखांवर ७ लाख ६५ हजार, असा आकडा उतरत जातो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला, तरी ब्लॉकची ही पद्धत तीच राहिली आहे.

आता पहिल्या वर्षाचा हिशेब मांडू. घसाऱ्याआधीचा नफा ४० लाख आहे. पुस्तकात ३.८० लाख वजा होऊन नफा ३६.२० लाख दिसतो. आयकरासाठी ९ लाख वजा होऊन करपात्र उत्पन्न ३१ लाखच उरतं. कंपनीने कलम ११५बीएए खालचा सवलतीचा दर निवडला आहे. २२ टक्के कर, त्यावर १० टक्के अधिभार आणि वर ४ टक्के उपकर मिळून तो २५.१६८ टक्के होतो. ३१ लाखांवर कर बसतो ७,८०,२०८ रुपये. तेवढाच भरायचा.

पण इथेच थांबलं तर नफा-तोटा पत्रक वाचणाऱ्याची फसगत होते. ३६.२० लाख नफ्यावर ७.८० लाख कर म्हणजे जेमतेम साडेएकवीस टक्के. कंपनीला करात कायमची सूट मिळाल्यासारखं ते दिसतं. प्रत्यक्षात सूट मिळालेली नाही. घसारा लवकर मिळाला आहे आणि पुढच्या वर्षांत तो तेवढाच कमी मिळणार आहे. म्हणून दोन किमतींतल्या फरकावरचा कर आजच बाजूला मांडतात.

वर्षअखेर यंत्राची पुस्तकी किंमत ५६.२० लाख आहे आणि आयकरातली शिल्लक ५१ लाख. फरक ५.२० लाख. त्याचे २५.१६८ टक्के म्हणजे १,३०,८७४ रुपये. नफा-तोटा पत्रकात हा डिफर्ड टॅक्सचा खर्च म्हणून नावे पडतो आणि ताळेबंदात देणं म्हणून जमा होतो. बँकेतून एक रुपयाही हलत नाही. पण आता कराचा एकूण खर्च ९,११,०८२ रुपये झाला, आणि तो ३६.२० लाखांच्या बरोबर २५.१६८ टक्के आहे. हिशेब जमला की नाही, याची ही पहिली कसोटी. एकूण कराची टक्केवारी कायद्यातल्या दराशी जुळली नाही, तर दंडासारखा कधीच वजावट न मिळणारा खर्च मध्ये आला असेल, नाहीतर कुठेतरी आकडा चुकला असेल.

पुढची वर्षं तक्त्यात पाहू. आकडे लाखांत आहेत आणि दर तोच धरला आहे.

| वर्षअखेर | पुस्तकी किंमत | आयकरातली शिल्लक | फरक | डिफर्ड टॅक्स |
|---|---|---|---|---|
| १ | ५६.२० | ५१.०० | ५.२० | १.३१ |
| २ | ५२.४० | ४३.३५ | ९.०५ | २.२८ |
| ६ | ३७.२० | २२.६३ | १४.५७ | ३.६७ |
| ७ | ३३.४० | १९.२३ | १४.१७ | ३.५७ |
| १४ | ६.८० | ६.१७ | ०.६३ | ०.१६ |
| १५ | ३.०० | ५.२४ | –२.२४ | –०.५६ |

शेवटचा रकाना ही वर्षअखेरची बाकी आहे, त्या वर्षीचा खर्च नव्हे. दुसऱ्या वर्षी खर्ची पडतात ते २.२८ आणि १.३१ यांतले सुमारे ९७ हजार. मागची बाकी वजा करायची राहिली, तर तोच कर दोनदा खर्ची पडतो.

सहाव्या वर्षापर्यंत देणं वाढतं. सातव्या वर्षी आयकरातला घसारा ३.३९ लाखांवर येतो, म्हणजे पुस्तकातल्या ३.८० लाखांहून कमी. करपात्र उत्पन्न पुस्तकी नफ्यापेक्षा जास्त होतं, कंपनी खऱ्या पैशांत जास्त कर भरते आणि साचलेल्या देण्यातून सुमारे १० हजार रुपये परत उतरतात. परतफेड ती हीच. शेवटची ओळही बघण्यासारखी आहे. पंधरा वर्षांनी पुस्तकात ३ लाखच उरलेत, पण ब्लॉकमध्ये ५.२४ लाख शिल्लक आहेत, कारण घटत्या शिलकेचे १५ टक्के कितीही वर्षं काढले तरी शिल्लक शून्य होत नाही. आता फरक उलटा झाला. देण्याच्या जागी ५६ हजारांची मालमत्ता, म्हणजे ‘डिफर्ड टॅक्स असेट’, उभी राहिली. ती मांडताना मात्र पुढे तेवढा नफा होईल अशी वाजवी खात्री असावी लागते. पुढे मिळणारी वजावट वापरायला उत्पन्नच नसेल, तर ती कागदावरच राहील.

यंत्र वर्षाच्या मध्ये चालू झालं तर पहिल्या वर्षाचा फरक पार बदलतो. आयकरात यंत्र वर्षभरात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल तर निम्माच घसारा मिळतो. लीप नसलेल्या वर्षी ३ ऑक्टोबरला चालू झालेल्या यंत्राला पूर्ण ९ लाख मिळतात, ४ ऑक्टोबरला चालू झालेल्याला साडेचार. पुस्तकात असा उंबरठा नाही, तिथे दिवसांच्या हिशेबाने घसारा निघतो. म्हणून बिलाच्या तारखेवर भागत नाही, यंत्र प्रत्यक्ष कधी चालू झालं त्याचा पुरावा जपून ठेवावा लागतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो यंत्र विकताना. आपल्या कंपनीने चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला हे मशीन ४० लाखांना विकलं असं समजा. त्या दिवशी पुस्तकी किंमत ४८.६० लाख आहे, म्हणून पुस्तकात ८.६० लाखांचा तोटा दिसतो. यंत्र गेलं, तेव्हा त्याच्यावरचं २.९६ लाखांचं डिफर्ड टॅक्सचं देणंही संपलं, असं समजून अकाउंटंट पूर्ण बाकी उलटवून टाकतो.

पण आयकरात ब्लॉकमधल्या एकेका यंत्राची स्वतंत्र ओळख राहत नाही. विक्रीचे ४० लाख सरळ ब्लॉकमधून वजा होतात. या यंत्राच्या वाट्याची शिल्लक होती ३६.८५ लाख. म्हणजे उरलेल्या यंत्रांच्या शिलकेतूनही ३.१५ लाख कापले गेले आणि पुढे त्यांच्यावर घसारा कमी मिळणार. त्या वर्षाचा घसारा क्षणभर बाजूला ठेवला, तर ३.१५ लाखांवरचा कर, म्हणजे सुमारे ७९ हजार रुपये, देणं म्हणून शिल्लक राहायलाच हवा. ब्लॉकमध्ये हे एकच यंत्र असतं तर गोष्ट वेगळी होती : ३.१५ लाख त्याच वर्षी अल्पकालीन भांडवली नफा ठरून त्यावर कर लागला असता आणि खातं तिथेच बंद झालं असतं.

म्हणून जाणकार सीए यंत्रागणिक तक्ते जुळवत बसत नाहीत. आयकराच्या घसारा तक्त्यातून पूर्ण ब्लॉकची शिल्लक घेतात, स्थिर मालमत्तेच्या रजिस्टरमधून त्याच ब्लॉकमधल्या यंत्रांची पुस्तकी किंमत घेतात आणि दोन बेरजांची वजाबाकी करतात. ती एका ओळीत मावते :

```
डिफर्ड टॅक्स = (पुस्तकी किंमत – ब्लॉकची शिल्लक) × कराचा दर
```

यातला शेवटचा शब्दही चकवतो. दर लावायचा तो फरक उलटेल तेव्हा लागू असेल असा, आणि त्यासाठी ताळेबंदाच्या तारखेला मंजूर असलेला कायदा बघतात. सप्टेंबर २०१९ मध्ये ११५बीएए आलं तेव्हा ३४.९४४ टक्के दराने कर देणाऱ्या ज्या मोठ्या कंपन्यांनी नवा दर निवडला, त्यांना मागची बाकी २५.१६८ टक्क्यांनी पुन्हा मोजावी लागली. ९.०५ लाखांच्या फरकावर ३.१६ लाखांचं देणं असेल, तर ते २.२८ लाखांवर आलं. एकही वस्तू न विकता त्या वर्षीचा नफा सुमारे ८८ हजारांनी वाढलेला दिसला. असा नफा धंद्यातला नसतो आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा येत नाही.

या आकड्याला एक मर्यादाही आहे. आज मांडलेले १.३१ लाख प्रत्यक्षात सातव्या वर्षापासून पुढे फिटणार, पण मधल्या काळाचं व्याज त्यातून वजा करायला लेखा मानक २२ परवानगी देत नाही. दहा वर्षांनी द्यायचा रुपया आणि पुढच्या वर्षी द्यायचा रुपया या ओळीत सारखेच दिसतात. कराची रक्कम इतकी वर्षं हातात खेळली, याचा खरा फायदा ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

शिवाय वरचा तक्ता एका यंत्राचा आहे. चालता कारखाना दर वर्षी-दोन वर्षांनी नवीन यंत्र घेतो आणि जुन्याचं देणं उतरायला लागेपर्यंत नव्याचं चढायला लागतं. त्यामुळे वाढत्या कंपनीत ही ओळ वर्षानुवर्षं फुगतच जाते आणि ते पैसे जणू कधी द्यायचेच नाहीत असं वाटतं. वार्षिक अहवालात दर तोच असून ही बाकी दोन-तीन वर्षं सलग उतरताना दिसली, तर स्थिर मालमत्तेच्या टिपणीतली ‘नवीन भर’ तपासावी. यंत्रखरेदी थांबली असण्याची शक्यता मोठी असते. आणि मग पुस्तकी नफा तेवढाच राहिला तरी रोखीने भरायचा कर वाढत जातो. कर्ज मागायला आलेल्या कारखान्याच्या ताळेबंदात बँकेच्या माणसाने ही ओळ वाचायची ती यासाठी.