चार स्टार, पण कोणाचे?

न्यू यॉर्कच्या 'डेली न्यूज' या दैनिकात ३१ जुलै १९२८ रोजी आयरीन थायरर यांनी 'द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स' या चित्रपटाला एक स्टार दिला. वर्तमानपत्रात चित्रपटांना स्टार देण्याची सुरुवात इथून झाली, असं मानलं जातं. थायररबाईंची पट्टी तीन स्टारांचीच होती. त्यामुळे हा एक स्टार म्हणजे किती वाईट, हे सांगायचं तर आधी 'कितीपैकी?' असं विचारावं लागतं.

पट्टी कळली तरी काम संपत नाही. शिकागोचे नामवंत समीक्षक रॉजर ईबर्ट चारपैकी स्टार देत आणि तीन स्टार म्हणजे 'जरूर पाहा' असा त्यांचा हिशेब असे. शिवाय ते चित्रपटाची तुलना त्याच्याच जातकुळीतल्या चित्रपटांशी करत. 'शाओलिन सॉकर' या हाँगकाँगच्या धमाल विनोदी चित्रपटाला त्यांनी तीन स्टार दिले आणि त्याच परीक्षणात आपली ही पद्धत समजावूनही सांगितली. त्यांचे तीन स्टार मिळालेली मारधाड आणि त्यांचेच तीन स्टार मिळालेलं गंभीर नाट्य एकाच तोलाचं, असं त्यांना म्हणायचं नसे. सगळ्या चित्रपटांना एकाच मापाने मोजणारा दुसरा समीक्षक त्याच मारधाडीला दीड देऊन मोकळा होईल.

तिसरी गोष्ट हात सैल की आखडता, याची. समजा, एका समीक्षकाने गेल्या दहा चित्रपटांना पाचपैकी असे स्टार दिले: ५, ४, ४, ५, ४, ४, ३, ५, ४, ४. सरासरी ४.२. दुसऱ्याचे दहा असे: २, १, २, ३, २, २, १, ४, २, २. सरासरी २.१. आता पहिल्याचे चार स्टार त्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा ०.२ ने खाली आहेत आणि दुसऱ्याचे दोन ०.१ ने. दोघंही एकच सांगताहेत, 'ठीक आहे, नेहमीसारखाच'. उलट दुसऱ्याने तीन दिले, तर ते त्याच्या सरासरीच्या ०.९ वर जातात. पहिल्याचे पाचसुद्धा ०.८ च वर असतात. शुक्रवारी तिकीट काढायचं, तर या कंजूष माणसाचे तीन स्टार बघून काढावं.

हीच वजाबाकी एका मोठ्या स्पर्धेत कामाला आली. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं: प्रेक्षक कुठल्या चित्रपटाला किती स्टार देईल, याचा अंदाज आमच्यापेक्षा दहा टक्क्यांनी सुधारून दाखवा. त्यासाठी सुमारे ४ लाख ८० हजार प्रेक्षकांचे १० कोटींवर शेरे स्पर्धकांना दिले होते. २००९ मध्ये जिंकलेल्या चमूतले येहुदा कोरेन आणि सहकाऱ्यांनी एका लेखात साधं उदाहरण दिलंय. सगळ्या चित्रपटांची सरासरी ३.७ धरा. 'टायटॅनिक'ला लोक सरासरीपेक्षा ०.५ जास्त देतात. जो नावाचा प्रेक्षक मात्र सगळ्यांनाच ०.३ कमी देतो. मग तो 'टायटॅनिक'ला ३.९ देईल, असा पहिला अंदाज बांधायचा. जोला प्रेमकथा आवडतात की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. स्टारांमधला बराचसा चढउतार अशा सवयींमुळे आणि चित्रपटाच्या सर्वसाधारण लोकप्रियतेमुळेच असतो, असं त्यांना आढळलं.

घरी हे करायला कागद-पेन्सिलही लागत नाही. समीक्षकाचे मागचे दहा-पंधरा शेरे चाळले, की त्याची सरासरी डोळ्यांत भरते. दोन-तीनच शेरे असतील, तर मात्र त्यावरून सवय ठरवू नये. तो बघतो काय, हेही पाहावं लागतं. दर आठवड्याला येईल तो चित्रपट पाहणं ज्याला भाग आहे, त्याची सरासरी खाली येणारच. निवडून चारच चित्रपट पाहणाऱ्याची वर राहते, ती त्याचा हात सैल असल्यामुळेच असं नाही. सामान्य प्रेक्षकही आवडेलसं वाटणारंच बघायला जातो, म्हणून लोकांच्या शेऱ्यांत तीन हा मध्य नसतो. कोरेन यांच्या उदाहरणातही सरासरी ३.७ धरलेली आहे, ती उगीच नाही.

आणि काही वेळा माणूस स्टार देताना आवड सांगतच नाही, आदर सांगतो. नेटफ्लिक्सच्या अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं, की लोक माहितीपटांना भरघोस स्टार देतात आणि रात्री लावतात ते हलकेफुलके, तीन स्टारवाले विनोदी चित्रपट. २०१७ मध्ये कंपनीने स्टार काढून नुसता अंगठा ठेवला, वर किंवा खाली. पण 'बरा वाटला' आणि 'फार आवडला' यांतला फरक त्यात बसेना, म्हणून २०२२ मध्ये दोन अंगठ्यांचं बटण आलं.