आत्याचा वाढदिवस आणि नाचणारं अस्वल

आजचा भाग थोडा माझ्या चुकीबद्दल आहे.

मागच्या महिन्यात माझ्या आत्याला साठ वर्षं पूर्ण झाली. आत्याचे मिस्टर, म्हणजे आमचे काका, गेल्यानंतरचा हा तिचा पहिलाच वाढदिवस. फॅमिली ग्रुपवर सकाळपासून केक, फुगे, नाचणारं अस्वल, सगळं सुरू. मीही रिक्षात बसल्या बसल्या एक चमचमता केक टाकला. दोन सेकंदांचं काम. आत्याचं सगळ्यांना मिळून एकच उत्तर आलं: "धन्यवाद 🙏"

माझ्या चुलत बहिणीने मात्र तिला वेगळा मेसेज केला होता: "आत्या, आज सकाळचा चहा काकांच्या हातचा नसेल. संध्याकाळी येते, आलं घालून मी करते. वाढदिवसाच्या शुभेच्छा ❤️" आत्याने तिला लगेच फोन लावला.

आता गंमत बघा, इमोजी तर तिनेही वापरलाच ना? पण तिचं सगळं सांगणं शब्दांत झालं होतं, हार्ट फक्त शेवटी हात धरायला आलं. तेव्हापासून मी पाठवण्याआधी इमोजी झाकून मेसेज वाचतो. उरलेलं वाक्य त्या एकाच माणसाला लागू पडतं का? पडत असेल तर इमोजी शोभतो. माझ्या केकच्या मागे काहीच उरत नव्हतं. तो ऑफिसातल्या कुणालाही चालला असता. शिवाय दुःखातल्या घरात पार्टीचे फुगे जरा टोचतातच.

उलटंही होतं हं. मित्राला "झालास ना म्हातारा!" असं नुसतं लिहिलं तर तो टोमणा वाटू शकतो. बोलताना आवाजात हसू असतं, टाइप करताना ते कुठून येणार? तिथे 😜 लागतोच. पण एकच, आणि त्याच वाक्याला चिकटून. ओळीने पंधरा टाकले की कुठला कशासाठी, ते कळत नाही. आणि ज्याला दिसत नाही, तो टॉकबॅकसारख्या स्क्रीन रीडरवर मेसेज ऐकतो. त्याला प्रत्येक इमोजीचं नाव ऐकावं लागतं. शुभेच्छा मध्येच अडकून पडतात.

स्टिकरचंही तसंच. तयार पॅकमधला केक कुणाचाच नसतो. पण व्हॉट्सॲपवर आपल्या फोटोतून स्टिकर बनवता येतो. फोटो निवडायचा, मागचं दृश्य कापलं जातं, माणूस उरतो. मी आत्याचा जुना, लुनावर बसलेला फोटो घेतला आणि तिसऱ्या दिवशी पाठवला. सोबत लिहिलं, "उशीर झाला, आत्या. शाळेत सोडायचीस ना, तेव्हा मागे बसून तुझी ओढणी धरायचो, ती अजून आठवते."

बराच वेळ 'टाइप करत आहे' असं दिसत राहिलं. मग तिचं उत्तर आलं: नाचणारं अस्वल. आणि खाली, "रविवारी जेवायला ये, गाढवा."