वीसपैकी एक्क्याऐंशी

गणिताची वीस गुणांची चाचणी, चाळीस मुलांचा वर्ग. गुण एक्सेलमध्ये भरताना एका मुलाचे 18 उलटे होऊन 81 पडतात. वर्गाची सरासरी किती बिघडते? 63 जादा गुण चाळीस जणांत वाटले की जेमतेम दीड. तेराची साडेचौदा झाली तर कुणाच्या नजरेत भरणार? क्रमांकांचे मात्र तसे नाही. हा मुलगा थेट पहिला येतो आणि खरोखर पहिल्या आलेल्या मुलीच्या हाती दुसरा क्रमांक पडतो.

म्हणून सरासरी काढण्याआधी ही तपासणी करावी. दुसऱ्या ओळीत प्रत्येक विषयाचे कमाल गुण लिहा, मुले तिसऱ्या ओळीपासून घ्या. गणित C रकान्यात असेल, तर C3 ते C42 निवडून ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मध्ये हे सूत्र द्या आणि लाल रंग निवडा:

```
=AND(ISNUMBER(C3),C3>C$2)
```

नुसते `C3>C$2` लिहिले तर गैरहजर मुलासमोरचे ‘गैह’सुद्धा लाल होते, कारण एक्सेलच्या लेखी अक्षरे कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी. `ISNUMBER` ती अक्षरे बाजूला ठेवते.

सरासरी आणि क्रमांकाची सूत्रे अशी:

```
=AVERAGE(C3:C42)
=RANK(C3,C$3:C$42)
```

सरासरी काढताना ‘गैह’ किंवा रिकामी चौकट मोजली जात नाही, शून्य मात्र मोजले जाते. गैरहजर मुलासमोर शून्य टाकणे म्हणजे त्याने पेपर कोरा दिला असे म्हणणे, आणि त्याने वर्गाची सरासरीही खाली येते. ‘गैह’पुढे क्रमांकाच्या जागी `#VALUE!` दिसेल. तिथे ‘गैह’च लिहावे.

क्रमांकाच्या सूत्रातली `$` ही खूण गळली, तर सूत्र खाली ओढताना यादीही खाली सरकते. मग प्रत्येक मुलाची तुलना फक्त स्वतःशी आणि त्याच्यानंतरच्या मुलांशी होते. ही चूक ओळखायला यादीतल्या शेवटच्या मुलाकडे पाहावे: त्याला कितीही गुण असोत, तो पहिला आलेला दिसतो. 19, 18, 18, 16 या गुणांना 1, 2, 2, 4 असे क्रमांक येतात. ती चूक नव्हे. सोळावाल्याच्या पुढे खरोखर तिघे आहेत.

लाल रंगाला सगळेच सापडत नाही. 18 ऐवजी 8 पडले तर ते वीसच्या आतलेच, त्यामुळे चौकट पांढरीच राहते आणि एक मूल निमूटपणे मागे पडते. यासाठी उत्तरपत्रिकांवरच्या गुणांची बेरीज गणकयंत्रावर वेगळी करून ती `SUM(C3:C42)` शी जुळवावी. दहाचा फरक निघाला, की आधी एका अंकाचे गुण असलेल्या मुलांच्या उत्तरपत्रिका उघडाव्यात.