पाकिटातली लहान पुडी

बीटी कपाशीच्या 450 ग्रॅम बियाण्यासोबत 120 ग्रॅमची एक वेगळी पुडी येत असे. तिच्यात बिगर-बीटी सरकी असे. शेताच्या 20 टक्के भागात किंवा चहूबाजूंनी पाच ओळींत, यांपैकी जे जास्त भरेल तेवढे ती लावावी, असा नियम होता. बहुतेकांनी ती लावली नाही. जी सरकी अळी खाणार, तिच्यासाठी जमीन का अडवायची, हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब त्याला कुणी नीट मांडून दाखवला नाही.

बीटी कपाशीत मातीतल्या एका जिवाणूचे जनुक असते. त्यामुळे तयार होणारे प्रथिन अळीच्या आतड्याला चिकटते, आतडे फाटते आणि अळी मरते. गुलाबी बोंडअळीत एका जनुकाचे बदललेले रूप क्वचित आढळते. ते असले की प्रथिन नीट चिकटतच नाही. जनुकाच्या अशा एकेका रूपाला अ‍ॅलील म्हणतात. प्रत्येक अळीत अशी दोन रूपे असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. दोन्ही प्रतिकारक असली तर अळी बीटीवर जगते. एकच प्रतिकारक असेल आणि पिकात विष भरपूर असेल, तर ती मरते.

समजा, हजार अ‍ॅलीलांत एकच प्रतिकारक आहे. मग दोन्ही प्रतिकारक असलेली अळी दहा लाखांत एक निघते. बीटीच्या शेतात दहा लाख अळ्या आल्या तर तेवढी एकच वाचेल. सगळीकडे बीटीच असेल, तर अशा वाचलेल्यांचा जोडीदारही वाचलेलाच असणार. त्यांची सारी पिल्ले प्रतिकारक निघतात. हजारात एक असलेले प्रमाण एका पिढीत शंभर टक्क्यांवर जाते.

आता त्या लहान पुडीतली सरकी लावून पाहू. 20 टक्के भागावर अडीच लाख अळ्या जगतात. त्यांच्यात पाच लाख अ‍ॅलील आहेत आणि त्यांतले 500 प्रतिकारक आहेत. बीटीतून वाचलेला एक पतंग आणखी दोन आणतो. म्हणजे पाच लाखांत 502, हजारात एकच्या किंचित वर. त्या एकट्या पतंगाला जोडीदारही बहुधा आश्रय-ओळींतला मिळतो. त्यांची पिल्ले एकच प्रतिकारक अ‍ॅलील घेऊन जन्मतात आणि बीटीवर मरतात.

हा हिशेब एका अटीवर उभा आहे. एक प्रतिकारक अ‍ॅलील असलेली अळी मेलीच पाहिजे. तशा दहा लाखांत सुमारे 2,000 असतात. त्यांतल्या दहा टक्के जरी जगल्या, तरी प्रमाण दर पिढीला जवळपास 1.4 पट होते आणि दहा पिढ्यांत तिसाच्या आसपास पटीने वाढते. गुलाबी बोंडअळीच्या एका हंगामात चार ते सहा पिढ्या होतात.

आपल्याकडे ही अट बोंडातच मोडली. भारतात बीटी कपाशी संकरित रूपात आली. संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्या सारख्या नसतात. पहिल्या, एकाच जनुकाच्या बीटी वाणात चारांतली एक सरकी बिगर-बीटी निघते. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून सरकीच खाते. बिगर-बीटी सरकीवर सुरुवात करून मोठी झालेली अळी पुढच्या बीटी सरकीचे विष थोडेफार सोसते. शिवाय ही अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. हिरव्या बोंडअळीला तूर आणि हरभरा आहे, म्हणजे आयता आश्रय आहे. गुलाबीला तो नाही.

बीटी कपाशी 2002 साली मंजूर झाली. 2009 मध्ये गुजरातेत पहिल्या प्रथिनाला प्रतिकार आढळला. 2006 मध्ये आलेले दोन प्रथिनांचे वाणही 2014-15च्या सुमारास हरू लागले. 2017 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात डोमकळ्या दिसल्या. वरून हिरवीगार बोंडे फोडल्यावर आत किडलेली सरकी आणि डागाळलेला कापूस निघाला. बोंड फोडल्याशिवाय हे कळत नाही, म्हणूनच उशीर होतो.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात 1997 साली हेच अ‍ॅलील 16 टक्क्यांच्या आसपास आढळले, म्हणजे आपल्या उदाहरणाच्या 160 पट. तरी 1999पर्यंत ते वाढले नाही. तिथे बिगर-बीटी कपाशी लावली जात होती. प्रतिकारक अळी तिच्यावर साध्या अळीपेक्षा अशक्तही ठरत होती. पुढे 2006पासून विमानांतून वंध्य पतंग सोडले गेले. वाचलेल्या पतंगाला परका जोडीदार मिळवून देण्याचे आश्रयाचे काम त्यांनी केले, आणि अशा जोडीला पिल्लेच होत नव्हती. 2018 साली अमेरिकेने ही अळी तिथल्या कपाशीतून संपल्याचे जाहीर केले.

आता आपल्या शेतांत प्रतिकारक अ‍ॅलील इतके पसरले आहे की पाच ओळींनी ते विरळ होणार नाही. म्हणून आज भर दुसऱ्या कामांवर आहे. कामगंध सापळे लावायचे, डोमकळ्या वेचून नष्ट करायच्या आणि फरदड न घेता डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाट्या काढायच्या. पुढच्या पेरणीपर्यंत शेतात कपाशी नसली, की हिवाळ्यात वाढणाऱ्या पिढ्यांना खायला काही उरत नाही.